पाच अक्षरांचा न फुटणारा गट

29 मे 1832 या दिवशी एव्हारिस्त गाल्वा या वीस वर्षांच्या फ्रेंच तरुणाने ऑग्युस्त शेव्हालिए या मित्राला एक लांबलचक पत्र लिहिले. दुसऱ्या दिवशी द्वंद्वयुद्धात त्याला गोळी लागली आणि 31 मे रोजी तो गेला. ही हकिकत इतक्या वेळा सांगून झाली आहे की त्या पत्रात होते काय, हे विचारायचे राहूनच जाते. होते ते गणित. त्यात जाता जाता केलेले एक विधान असे: ज्याचे तुकडे पडत नाहीत आणि ज्याची सदस्यसंख्या मूळ संख्याही नाही, असा सर्वांत लहान गट 5·4·3 सदस्यांचा असतो. विधान करून गाल्वा पुढे निघून गेला. सिद्धता त्याने तिथे दिली नाही.

5·4·3 म्हणजे 60. या 60 सदस्यांच्या गटाला आज A₅ म्हणतात, आणि त्याचे तुकडे पडत नाहीत या गुणाला गणितज्ञ ‘सिंपल’ असे नाव देतात. हा गट सर्वांत लहान का, हा प्रश्न आपण बाजूला ठेवू. तो फुटत का नाही, एवढेच पाहू. त्यासाठी मोजता येणे आणि थोडा धीर, यापलीकडे फारसे काही लागत नाही.

अ, ब, क, ड, इ ही पाच अक्षरे घ्या. त्यांच्या जागा बदलण्याच्या एकूण 5·4·3·2·1 म्हणजे 120 रीती आहेत. काहीच न हलवणे हीही त्यातलीच एक. प्रत्येक रीतीला आपण ‘फेरमांडणी’ म्हणू. अ हा ब च्या जागी, ब हा क च्या जागी आणि क पुन्हा अ च्या जागी गेला, ड आणि इ जागचे हलले नाहीत, तर ते (अ ब क) असे लिहायचे. हे तीन अक्षरांचे चक्र झाले. दोनच अक्षरांनी जागा बदलल्या तर (अ ब), ही जोडबदल. एका फेरमांडणीनंतर दुसरी केली की तिसरी मिळते, आणि केलेली कुठलीही फेरमांडणी उलट करून पूर्ववत होता येते. या दोन सोयी असलेल्या संचाला गट म्हणतात.

कुठलीही फेरमांडणी सुट्या जोडबदलांनी साधता येते. किती जोडबदल लागतील हे ठरलेले नसते: एकच फेरमांडणी कोणी दोन जोडबदलांत करील, कोणी सहांत. पण सम की विषम, हे मात्र पक्के ठरलेले असते. दोनांत होणारी गोष्ट तीनांत कधीच होत नाही. 120 पैकी बरोबर निम्म्या फेरमांडण्या सम असतात. सम आणि सम जोडले की समच मिळते, म्हणून या 60 जणींचा स्वतःचा गट होतो. तोच A₅.

त्यात कोण कोण आहे ते पाहू. काहीच न हलवणारी एक. तीन अक्षरांची चक्रे सम असतात, कारण त्यांना दोन जोडबदल पुरतात. पाचांतून तीन अक्षरे निवडायच्या रीती 10, आणि प्रत्येक तिकडीला फिरवायच्या दिशा दोन, म्हणून अशी चक्रे 20. मग (अ ब)(क ड) यासारखे दुहेरी जोडबदल: जागचे न हलणारे अक्षर पाच प्रकारे निवडता येते आणि उरलेल्या चौघांच्या जोड्या तीन प्रकारे लावता येतात, म्हणून 15. शेवटी पाचही अक्षरांना एका वर्तुळात फिरवणारी चक्रे. त्यांना चार जोडबदल लागतात, म्हणून तीही सम. अ पासून सुरुवात केली तर पुढच्या चार जागा 24 प्रकारे भरता येतात, म्हणून ती 24. एकूण 1 + 20 + 15 + 24, म्हणजे 60. हिशेब जुळला.

आता तुकडे पडणे म्हणजे काय? मोठ्या गटाच्या पोटात लहान गट असतातच, त्यांना उपगट म्हणतात. A₅ मध्येही ते भरपूर आहेत. इ ला जागचे हलू न देणाऱ्या सगळ्या सम फेरमांडण्या घेतल्या तर 12 जणींचा उपगट मिळतो. पण हा उपगट इ या अक्षरावर मर्जी ठेवून आहे. अक्षरांची नावे बदलून इ ला अ म्हटले, तर तो तोच राहत नाही, अ ला न हलवणारा वेगळाच उपगट होतो. मोठ्या गटाचे दोन तुकडे करायचे तर असा पक्षपाती उपगट चालत नाही. गटातल्याच कुठल्याही फेरमांडणीने अक्षरांची नावे बदलली तरी जो उपगट जसाच्या तसा राहतो, तोच चालतो. अशाला नॉर्मल उपगट म्हणतात. तो मिळाला तर मोठा गट दोन लहान गटांत उकलता येतो: एक हा उपगट, आणि दुसरा, उपगटाच्या आतले फरक दुर्लक्षून उरलेला गट. सिंपल गट म्हणजे ज्यात असा उपगट नाही. अपवाद फक्त दोन क्षुल्लक, ‘काहीच न हलवणे’ एवढाच आणि अख्खा गट.

नाव बदलण्याची ही क्रिया सगळ्या सिद्धतेचा कणा आहे, म्हणून ती नीट समजून घेतलेली बरी. (अ ब क) हे चक्र घ्या. आता अ च्या जागी ड, ब च्या जागी इ आणि क च्या जागी अ असे नवे नाव दिले, तर चक्र होईल (ड इ अ). आकार तोच, पात्रे नवी. तेव्हा नॉर्मल उपगटात एक फेरमांडणी शिरली की नावबदलाने तिच्यापासून जितक्या मिळतात तितक्या सगळ्या आत आल्याच पाहिजेत. अशा एकमेकींपासून मिळणाऱ्या फेरमांडण्यांचे मिळून एक कूळ होते. नॉर्मल उपगट कूळच्या कूळ घेतो किंवा कूळच्या कूळ सोडतो. अर्धे कूळ त्याला वर्ज्य.

म्हणजे प्रश्न असा उरला: A₅ मध्ये कुळे किती आणि केवढाली?

पटकन सुचणारे उत्तर म्हणजे आकाराप्रमाणे चार कुळे: 1, 20, 15 आणि 24. ते चुकीचे आहे. फसायला होते ते असे, की नावबदलाला आपण 120 पैकी कुठलीही फेरमांडणी वापरू देतो. पण आपण A₅ च्या आत आहोत. नावबदलही सम फेरमांडणीनेच करायला हवा. एका तिकडीवरून दुसरीवर जाणारा नावबदल विषम निघाला तर काय करायचे?

(अ ब क) पासून (अ ब ड) मिळवायचे आहे असे समजा. क आणि ड यांची नावे आपसात बदलली की झाले, पण ही एकच जोडबदल आहे, म्हणजे विषम. आता गंमत पाहा. (अ ब क) मध्ये ड आणि इ दोघेही रिकामे बसले आहेत. त्यांची नावे आधी आपसात बदलली तर चक्राला काडीचाही फरक पडत नाही. म्हणून पहिल्यांदा ड-इ बदल आणि मग क-ड बदल: मिळणारे चक्र तेच, (अ ब ड), आणि नावबदल मात्र दोन जोडबदलांचा, म्हणजे सम. विषम नावबदलाची अशी दुरुस्ती तीन अक्षरांच्या प्रत्येक चक्रासाठी करता येते, कारण दर वेळी दोन अक्षरे रिकामी असतातच. म्हणून 20 ची 20 चक्रे एकाच कुळात राहतात.

दुहेरी जोडबदलाचेही तसेच. (अ ब)(क ड) मध्ये अ आणि ब यांची नावे आपसात बदलली तर (ब अ)(क ड) मिळते, आणि ते मूळचेच आहे. इथेही दुरुस्तीला एक फुकटची जोडबदल हाताशी आहे. म्हणून 15 जणींचे कूळही अखंड.

पाच अक्षरांच्या चक्रात मात्र ही सोय संपते. (अ ब क ड इ) मध्ये रिकामे कोणीच नाही. नावबदल करूनही हे चक्र जसेच्या तसे ठेवायचे तर सगळ्यांना एकाच पावलाने पुढे सरकवणे, एवढाच मार्ग आहे: एक घर, दोन घरे, तीन, चार किंवा शून्य. हे पाचही नावबदल सम आहेत. विषम नावबदलाची दुरुस्ती करायला विषम फेरमांडणीच हवी, आणि तशी इथे एकही नाही. परिणामी 24 चक्रांचे कूळ मधोमध फुटते, 12 आणि 12.

कोण कुणीकडे जाते हेही तपासता येते. (अ ब क ड इ) उलट फिरवले तर (अ इ ड क ब). इथे ब-इ आणि क-ड अशा दोन जोडबदलांनी काम होते, म्हणून चक्र आणि त्याचे उलट चक्र एकाच कुळात. आता तेच चक्र दोनदा फिरवले तर अ थेट क कडे, क इ कडे, इ ब कडे, ब ड कडे जातो: (अ क इ ब ड). मूळ चक्रावरून इथे यायला ब ला क, क ला इ, इ ला ड आणि ड ला ब म्हणावे लागते. हे चार अक्षरांचे चक्र आहे, त्याला तीन जोडबदल लागतात. विषम. म्हणून चक्र आणि त्याचा दुप्पट फेरा ही वेगवेगळ्या कुळांतली.

हे सगळे कागदावरचे वाटत असेल तर ते हातात धरूनही पाहता येते. बारा पंचकोनी पृष्ठांची एक सममित घनाकृती असते, द्वादशफलक. तिला अशा किती प्रकारे फिरवता येते की ती पूर्वीसारखीच दिसेल? बरोबर 60. तिच्या आत बसवता येणारे पाच घन प्रत्येक फेऱ्यात आपसात जागा बदलतात, आणि ते बदल म्हणजेच A₅. समोरासमोरच्या शिरोबिंदूंतून जाणारे 10 अक्ष, त्यांच्याभोवती 120 अंशांचे फेरे 20. समोरासमोरच्या कडांच्या मध्यांतून जाणारे 15 अक्ष, 180 अंशांचे फेरे 15. समोरासमोरच्या पृष्ठांच्या मध्यांतून जाणारे 6 अक्ष: त्यांच्याभोवती 72 अंशांचे फेरे 12 आणि 144 अंशांचे 12. इथे नावबदल म्हणजे घनाकृती दुसऱ्या बाजूने धरणे. कुठूनही धरली तरी 72 अंशांचा फेरा 144 अंशांचा होत नाही. आणि तोच फेरा खालच्या बाजूने पाहिला की उलट दिशेने दिसतो, म्हणून उजवा-डावा फेरा मात्र एकाच कुळात. अक्षरांशी झटापट करून जे मिळवले, ते इथे नुसत्या नजरेने दिसते. मला हा पुरावा अधिक आवडतो, पण अक्षरांचा पुरावा कारण सांगतो, आणि त्या कारणाची पुढे गरज पडणार आहे.

तर कुळे पाच: 1, 12, 12, 15, 20. आता शेवटचा धागा. कुठल्याही उपगटाची सदस्यसंख्या मोठ्या गटाच्या सदस्यसंख्येला नि:शेष भाग देते. याला लाग्रांज या गणितज्ञाचे नाव आहे. कारण सोपे आहे. उपगटाबाहेरची एक फेरमांडणी घ्या आणि उपगटातल्या प्रत्येकीशी जोडा. उपगटाएवढाच एक नवा घोळका मिळतो. असे दोन घोळके एकतर पूर्ण एकरूप असतात किंवा पूर्ण वेगळे. म्हणजे 60 जणींची वाटणी समसमान घोळक्यांत होते आणि बाकी उरत नाही.

नॉर्मल उपगटात ‘काहीच न हलवणे’ असतेच, म्हणून 1 ठरलेला. त्यात 12, 12, 15, 20 यांपैकी काही कुळे मिळवायची आणि बेरीज 60 ला भाग देते का ते पाहायचे. एकच कूळ घेतले तर 13, 16 किंवा 21. दोन घेतली तर 25, 28, 33 किंवा 36. तीन घेतली तर 40, 45 किंवा 48. चारही घेतली तर 60. कुळे निवडण्याच्या सगळ्या रीती यात आल्या. आणि 60 चे विभाजक? 1, 2, 3, 4, 5, 6, 10, 12, 15, 20, 30, 60. दोन्ही याद्या शेजारी ठेवा. मधल्या संख्यांपैकी एकही दुसऱ्या यादीत नाही. उरतात ती दोन टोके, 1 आणि 60. A₅ मध्ये नॉर्मल उपगट नाही. तो फुटत नाही.

24 चे कूळ फोडायला जो विसरतो, त्यालाही हेच उत्तर मिळते, आणि म्हणून ती चूक सहसा पकडली जात नाही. 16, 21, 25, 36, 40, 45: यांपैकी कोणीही 60 ला भाग देत नाही, आणि विद्यार्थी खूश होतो. पण एका डझनालाच आत घेणारा उपगट असू शकेल का, हे त्याने तपासलेलेच नसते. 13, 28, 33 आणि 48 या चार बेरजा त्याच्या यादीत आल्याच नाहीत. कोणी अशी सिद्धता दाखवली तर यादीत 13 आहे का, एवढे पाहावे.

बेरीज-विभाजकांची ही पद्धत पक्की आहे, पण तिच्यात एक कोरडेपणा आहे हे मान्य करू. संख्या जुळल्या नाहीत, म्हणून उपगट नाही. पाचच अक्षरांना असे काय झाले, ते ती सांगत नाही. त्यासाठी चार अक्षरांकडे उतरून पाहावे.

चार अक्षरांच्या सम फेरमांडण्या 12. त्यांत काहीच न हलवणारी 1, दुहेरी जोडबदल 3 आणि तीन अक्षरांची चक्रे 8. पण इथे तीन अक्षरे फिरली की रिकामे राहते ते एकच. दुरुस्तीला लागणारी रिकामी जोडी नाही, म्हणून 8 चे कूळ फुटून 4 आणि 4 होते. कुळे 1, 3, 4, 4. आणि 1 + 3 म्हणजे 4, जी 12 ला भाग देते. ही केवळ शक्यता नाही, ते चौघे खरोखरच उपगट आहेत: (अ ब)(क ड) आणि (अ क)(ब ड) एकापाठोपाठ केले की (अ ड)(ब क) मिळते, म्हणजे तिसरा भाऊच. ही मंडळी आपसातच फिरत राहतात, घराबाहेर पाऊल टाकत नाहीत.

आता त्यांच्यात पाचवे अक्षर आणा. (अ ब)(क ड) उपगटात आहे. नावबदलाने (अ ब)(क इ) ही आत यावेच लागते. दोन्ही लागोपाठ करा, उजवीकडचे आधी. अ-ब ची अदलाबदल दोनदा होऊन मिटते, आणि उरते क, इ, ड यांचे चक्र, (क इ ड). म्हणजे दुहेरी जोडबदलांचा दरवाजा पाचव्या अक्षराने उघडला आणि तीन अक्षरांचे चक्र आत आले. ते आले की त्याचे 20 जणींचे अखंड कूळ आले, कारण रिकामी जोडी आता आहे. 1 + 15 + 20 म्हणजे 36. अर्ध्याहून अधिक भरलेला उपगट अख्खाच असावा लागतो, म्हणून खेळ संपला. पाचांच्या चक्रापासून निघालात तरी हेच होते: (अ ब क ड इ) चा (अ ब क) ने नावबदल केला तर (ब क अ ड इ) मिळते, मूळ चक्र उलटे फिरवून लगेच हे नवे चक्र फिरवले तर हाती येते (अ ब ड). पुन्हा तीन अक्षरांचे चक्र. आणि सुरुवातच त्या चक्रापासून केली तर? (अ ब ड) आधी आणि (अ ब क) नंतर केले की (अ क)(ब ड) हा दुहेरी जोडबदल मिळतो, म्हणजे पुन्हा तेच 36. कुठूनही शिरा, वाट एकाच ठिकाणी जाते.

म्हणूनच सहा, सात किंवा त्याहून अधिक अक्षरांचे असे सगळे गटही सिंपल असतात. तिथे कुळांची संख्या वाढत जाते आणि बेरजा करत बसणे मूर्खपणाचे ठरते. पुस्तके मग तीन अक्षरांच्या चक्रालाच हाताशी धरून सिद्धता करतात.

गाल्वाला हे हवे होते ते समीकरणांसाठी. समीकरणाची उत्तरे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि मुळे एवढ्यांनी लिहायची, तर उत्तरांच्या फेरमांडण्यांचा गट नॉर्मल उपगटांच्या पायऱ्यांनी उतरत 1 वर आणता आला पाहिजे, आणि प्रत्येक पायरीचे गुणोत्तर मूळ संख्या असले पाहिजे. चार घातांच्या समीकरणात 24 वरून 12, 12 वरून 4, 4 वरून 2, 2 वरून 1: एक वर्गमूळ, एक घनमूळ, पुन्हा दोन वर्गमुळे. त्यातला 12 वरून 4 हा टप्पा म्हणजे वर पाहिलेले ते चौघे. पाच घातांत 120 वरून 60 वर एका वर्गमुळाने येता येते. तिथून पुढची पायरीच नाही. पाच घातांना सर्वसाधारण सूत्र नाही हे आबेलने 1824 मध्येच सिद्ध केले होते. गाल्वाच्या रीतीने एकेक समीकरण वेगळे तपासता येते. कारण सगळीच पंचघाती समीकरणे अडत नाहीत: x⁵ = 2 चे उत्तर एका मुळात लिहून होते. पण x⁵ − 4x + 2 = 0 चा गट पूर्ण 120 जणींचा आहे. त्याची तीन उत्तरे संख्यारेषेवर आहेत, सुमारे −1.52, 0.51 आणि 1.24. हवे तितके दशांश काढत जाता येते, पण मुळांची चिन्हे वापरून त्यांतले एकही लिहिता येत नाही.